अडीच-पावणेतीन टक्के व्याज जोडलं की रोख्याचा परतावा किती?

> "सोन्याचा भाव जितका वाढला, त्यात पावणेतीन टक्के मिळवले की सुवर्ण रोख्याचा परतावा निघतो ना?"

नाही ताई, तेवढा निघत नाही. व्याज इश्यूच्या, म्हणजे सरकारने रोखा काढला तेव्हाच्या भावावर मिळतं, चालू भावावर नाही.

पहिलाच रोखा घ्या. नोव्हेंबर २०१५ मध्ये ग्रॅमला २,६८४ रुपये, नोव्हेंबर २०२३ मध्ये परतफेड ६,१३२ ला. दहा ग्रॅमचे २६,८४० गुंतवले. व्याज वर्षाला ७३८ रुपये, दर सहामाहीला निम्मं खात्यात. आठव्या वर्षीही तेवढंच! नुसत्या भावाने वार्षिक १०.९ टक्के होतात, व्याज धरून सुमारे १३. म्हणजे भर दोनच टक्क्यांची, तीही करापूर्वी, कारण व्याज उत्पन्नात धरलं जातं. मूळ इश्यूत घेऊन मुदतीपर्यंत ठेवलेल्या रोख्याच्या भांडवली नफ्यावर मात्र कर नाही.

आता तेच सोनं त्याच भावाने जांभळी नाक्यावरून नाण्यात घेतलं असं धरा. घडणावळ ५ टक्के, विकताना घट २ टक्के (आकडे माझे, तुमच्या सराफाचे घाला). २८,१८२ चे ६०,०९४ झाले, म्हणजे वार्षिक दहाच्या आतबाहेर. खरेदीवरचा कर आणि लॉकरचं भाडं यात नाही. दागिना असेल तर घडणावळ याहून बरीच जास्त, त्यामुळे तो या हिशेबात आणूच नका.

फेब्रुवारी २०२४ नंतर नवा इश्यू आलेला नाही. शेअर बाजारातून जुना रोखा घ्याल तर व्याज त्याच्या जुन्या इश्यू भावावरच मिळेल. ५,००० चा रोखा १०,००० ला घेतलात, तर नंतरच्या रोख्यांवरच्या अडीच टक्क्यांचे तुमच्यासाठी सव्वाच उरतात.