जनरेट केलेल्या चित्रांवर शिक्का : संपादकांच्या मेलमधला तिसरा नियम जाचक नाही का?

मोहोळचा बातमीदार
आमच्या दैनिकाच्या सोलापूर आवृत्तीच्या संपादकांनी काल सगळ्या बातमीदारांना मेल टाकला. मुख्य भाग असा :

“१. बातमीसोबत जनरेट केलेलं चित्र जाणार नाही, शिक्का मारूनही नाही.
२. पुरवणीत वापरलं तर चित्राच्या चौकटीच्या आत ‘एआयने तयार केलेले चित्र’ असं छापायचं. नुसतं ‘प्रतीकात्मक’ चालणार नाही.
३. फोटोत एआयने काही भरलं, पुसलं, वाढवलं किंवा फोटो ‘एन्हान्स’ केला, तर तोही जनरेट केलेलाच धरला जाईल.
४. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. मूळ फाइल ३० दिवस फोनमधून काढू नये.”

पहिले दोन ठीक. तिसरा अन्यायाचा वाटतो. तालुक्याला कोणाकडे कॅमेरा असतो? गावकऱ्यांनी पाठवलेला धूसर फोटो साफ केल्याशिवाय डेस्क घेत नाही, आणि आता साफ केला की तो खोटा!

जुळे सोलापूर
संपादकांनी उलट कमीच केलंय. केंद्राचा नियमच आहे की चित्राच्या १० टक्के जागेवर शिक्का हवा. कोपऱ्यातली बारीक ओळ कायद्यात बसणार नाही.

जुना डेस्कवाला
१० टक्क्यांची अट ऑक्टोबर २०२५ च्या मसुद्यात होती. फेब्रुवारी २०२६ मध्ये अंतिम नियम आले तेव्हा ती गळली. शिक्का ठळक हवा एवढं राहिलं. आणि ते नियम मुख्यतः समाजमाध्यमांसारख्या मंचांसाठी आहेत. छापील पानावर काय जावं ही संपादकाची जबाबदारी, म्हणून तर हा मेल निघाला.

आता मोहोळकरांचं. डेस्कला मोठा फोटो लागतो हा समजच आधी तपासा. वर्तमानपत्राच्या कागदावर २०० डीपीआय पुरतात. व्हॉट्सअ‍ॅप साध्या सेटिंगमध्ये फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणतं. १६०० ला २०० ने भागा : ८ इंच, म्हणजे २० सेंटिमीटर. आपल्याकडे एक कॉलम साधारण ४ सेंटिमीटरचा, म्हणजे पाच कॉलमी फोटो विनातक्रार छापता येतो. एन्हान्स करायची वेळ येते ती कोणीतरी स्क्रीनशॉट काढून, कापून, पुढे ढकललेल्या फोटोवर. तिथे हवा असतो मूळ फोटो काढणाऱ्याचा नंबर.

मोहोळचा बातमीदार
हिशोब मान्य. पण सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा नंबर कुठून शोधायचा? वीज नाही, रेंज नाही, आणि डेस्कचा फोन साडेनऊला : “फोटो टाक.”

जुना डेस्कवाला
त्याच पुरातला एक फोटो सांगतो. ट्रॉलीत बसलेली माणसं, मागे जिल्हा परिषदेच्या शाळेचा फलक. आलेली फाइल जेमतेम ४८० पिक्सेल रुंद. कोणीतरी ती अ‍ॅपमधून चौपट केली, आणि पानावर लावल्यावर फोटो झकास दिसत होता. मग उपसंपादकाने फलक वाचायचा प्रयत्न केला. शिरोरेषा मध्येच तुटलेली, मात्रा हवेत लटकलेल्या, आणि अक्षरं मराठीही नाहीत, कन्नडही नाहीत. मूळ फोटो शेजारी ठेवला तर फलकावर नुसता धुरकट पट्टा. ट्रॉलीतल्या म्हातारीचा चेहरा मूळ फोटोत १५-२० पिक्सेलचा ठिपका होता; मोठ्या फोटोत तिला डोळे, भुवया आणि पस्तिशीचा चेहरा आला होता. ती बाई गावात कोणी नाहीच. अ‍ॅपने लपलेलं काही उघड केलं नव्हतं, अंदाजाने रंगवलं होतं. पान जायच्या आत मूळ फोटो दोन कॉलमात लावला. थोडा फुटला, पण खरा होता.

ओळखायचं असेल तर आधी पाट्या बघा, मग लांबचे चेहरे, मग बोटं. देवनागरीत ही अ‍ॅप्स अजून हमखास सापडतात.

विजापूर रोड, कॅमेरा
मी पोटासाठी फोटो काढतो, आणि मला तिसरा नियम चुकीचा वाटतो. तुम्ही सांगितलेला फोटो शिक्का मारूनही छापायच्या लायकीचा नव्हता. पण मी रात्री गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाचा फोटो काढतो, हाय आयएसओमुळे दाणे येतात, ते सॉफ्टवेअरने कमी करतो. त्या बटणावर आता ‘एआय’ लिहिलेलं असतं. मग माझा नंदीध्वज जनरेट केलेला? २०२४ मध्ये मेटाने हेच केलं. खऱ्या फोटोंवर, किरकोळ दुरुस्तीमुळे, ‘Made with AI’ चिकटलं. छायाचित्रकारांनी आरडाओरड केल्यावर जुलैमध्ये तो शिक्का बदलून ‘AI info’ करावा लागला. सगळ्यावर शिक्का मारला की वाचक शिक्का वाचायचं सोडतो.

नवी पेठ
दुरुस्ती किरकोळ आहे हे ठरवणार कोण? मे २०२३ मध्ये दिल्लीत ताब्यात घेतलेल्या कुस्तीगिरांचा बसमधला सेल्फी आठवा. बस खरी, माणसं खरी, फक्त चेहऱ्यांवर हसू चढवलेलं. पिक्सेल मोजले तर मूठभर बदलले असतील. अख्ख्या फोटोचा अर्थ उलटा झाला.

साखर पेठ फ्लेक्स
आता वाढदिवसाच्या डिझाइनवर पण लिहायचं का बे? गिऱ्हाइकाला साहेब रथात पाहिजेत, मागे सिद्धेश्वर मंदिर पाहिजे, आकाशात फुलं पाहिजेत. सगळं मोबाइलवरच बनवतो. खाली ‘एआयने तयार केलेले’ लिहिलं तर पैसे कोण देईल?

नवी पेठ
दादा, मेल बातमीदारांना आहे, तुम्हाला नाही.

जुना डेस्कवाला
कॅमेरावाल्यांचं म्हणणं मला अर्धं पटतं. उजेड, रंग, कापणं, दाणे कमी करणं एका बाजूला ठेवावं; नवी वस्तू, चेहरा, अक्षर उमटवणारं दुसऱ्या बाजूला. असोसिएटेड प्रेसने २०२३ मध्ये फोटोत एआयने काही घालायचं किंवा काढायचं नाही अशी रेघ ओढली, ती वापरायला सोपी आहे. मात्र दाणे जोरात कमी केले की लांबच्या चेहऱ्यांचं मेण होतं, तिथे रेघ पुसट होते. म्हणून मला चौथा नियम तिसऱ्यापेक्षा मोलाचा वाटतो. मूळ फाइल हाताशी असेल तर वाद पाच मिनिटांत मिटतो. फोटो म्हणून पाठवलात की व्हॉट्सअ‍ॅप तारीख, कॅमेरा सगळं झाडून टाकतं. जनरेट केलेल्या चित्राच्या फाइलमध्ये `trainedAlgorithmicMedia` अशी नोंद असली तरी तीही जाते. नोंद नाही म्हणजे चित्र खरं, असं मात्र समजू नका.

शिक्क्याबद्दल एक छपाईची गोष्ट. चौकटीच्या आत हवा हे बरोबर, कारण ई-पेपरची क्लिप कापताना लोक ओळ बाहेर ठेवतात. पण चित्रावर पांढऱ्या अक्षरात लिहिलं तर चार रंग जरा सरकले की अक्षरं बुजतात. पांढऱ्या पट्टीवर काळ्या अक्षरात, ८ पॉइंटच्या खाली नको.

विजापूर रोड, कॅमेरा
आणि ज्या फोनमध्ये शटर दाबतानाच एआय चालतं त्याचं काय? २०२३ मध्ये सॅमसंगच्या फोनने मुद्दाम धूसर केलेल्या चंद्रावर खड्डे उमटवून दाखवले होते. तिथे मूळ फाइल कोणती म्हणणार?

जुना डेस्कवाला
त्याला माझ्याकडे उत्तर नाही. फोनचा शंभरपट झूम बातमीसाठी वापरू नये, एवढंच सांगेन.

मोहोळचा बातमीदार
तिसऱ्या नियमाचे दोन भाग करा, असं संपादकांना कळवतो. ‘एन्हान्स’ बंदीत राहू दे, दाणे कमी करणं वगळा. आणि साडेनऊच्या फोनवर डेस्कलाही एक मेल जाऊ दे.

साखर पेठ फ्लेक्स
मला नाही म्हणता, पण माझंच डिझाइन तुमच्या पेपरला जाहिरात म्हणून पहिल्या पानावर जातं. त्याच्यावर शिक्का कोण मारणार?

नवी पेठ
हे मात्र खरंय. मोहोळकर, मेल जाहिरात विभागाला गेलाय का?

मोहोळचा बातमीदार
‘प्रति’मध्ये फक्त बातमीदार आहेत.