गल्लीतली डीपी उडाली तेव्हा तुम्ही तक्रारीत काय लिहिलंत? अनुभव सांगा

बोरीकाठ (अमळनेर)

मे महिन्यातली रात्र, घरोघरी कूलर चालू. जेवणं आटोपत असतानाच आमच्या गल्लीतल्या डीपीवर मोठा आवाज झाला. लखलखाट, खाली लावलेल्या मोटारसायकलींवर ठिणग्यांचा सडा, आणि सगळी गल्ली अंधारात. समोरच्या काकू ओट्यावरून ओरडल्या, "डीपी उडनी वो भाऊ!" पोरं बघायला धावली, त्यांना दंडाला धरून मागे आणलं. टाकीच्या कडेने तेल ओघळत होतं आणि एक तार खांबावरून अर्धवट लोंबत होती.

1912 ला फोन लावला. पलीकडून ग्राहक क्रमांक विचारला, मग "लाईट गेली आहे का?" हो म्हटल्यावर तक्रार नोंदली गेली ती 'वीजपुरवठा बंद' म्हणून. स्फोट झालाय, तेल गळतंय, तार लोंबतेय हे त्या नोंदीत आलंच नाही. अशा नोंदीवर माणूस येतो तो फ्यूजची तार घेऊन. म्हणून पुन्हा फोन करून "स्फोट, तेलगळती, लोंबती तार, लोकांना धोका" हे शब्द नोंदवून घेतले, आणि सकाळी कार्यालयात लेखी अर्ज दिला. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. अर्जाचा मुख्य भाग असा होता:

"काल रात्री 9.35 वाजता आमच्या गल्लीतील रोहित्रावर स्फोट झाला. खांबावर रंगवलेला रोहित्र क्रमांक सोबतच्या फोटोत आहे. ठिणग्या प्रथम खालच्या फ्यूजच्या पेटीतून निघाल्या, मोठा आवाज त्यानंतर झाला. त्या वेळेपासून टाकीतून तेल गळत आहे. त्याआधी काही वेळ वारा सुटला होता. वाऱ्यात आमच्या घरापुढील दोन खांबांमधल्या ढिल्या तारा एकमेकींना घासतात व ठिणग्या पडतात. याबाबत आधी दिलेल्या तक्रारींचे क्रमांक खाली आहेत. तरी केवळ फ्यूज टाकून पुरवठा सुरू न करता रोहित्र तपासावे, तारा ओढून घ्याव्यात, आणि तपासणीत काय आढळले ते लेखी कळवावे."

खानदेशात उन्हाळ्यात हे गावोगाव घडतं. तुमच्याकडे काय झालं, तक्रार कशी दिली, तिच्यावर काय हाललं, ते लिहा. या कामात असलेल्यांनी तर नक्कीच लिहा.

खांबावरचा माणूस (जळगाव जिल्हा, निवृत्त)

माझी सगळी नोकरी लाईनवर गेली. भाऊ, तुमच्या अर्जातलं "ठिणग्या प्रथम खालच्या पेटीतून, आवाज नंतर" हे वाक्य सगळ्यात कामाचं आहे. आम्हाला लोक "ब्लास्ट झाला" एवढंच सांगतात. त्यात तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

वरचा डीओ फ्यूज उडाला तर आवाज सुतळी बॉम्बसारखा होतो, पण ट्रान्सफॉर्मरला बहुतेक वेळा काही झालेलं नसतं. वर बघा, तीन नळ्यांपैकी एक खाली लोंबलेली दिसते. घरात त्याची खूण अशी की लाईट पूर्ण जात नाही. काही घरांत दिवे नीट, बाकीच्यांत निम्म्या दाबावर लालसर. तेव्हा फ्रिज आणि कूलर आधी बंद करा. कमी दाबात मोटर फिरत नाही, नुसती तापते आणि जळते.

दुसरं, बुशिंगपाशी जम्पर सैल होऊन ठिणग्या पडणं. हे आवाजाआधी कित्येक दिवस रात्री दिसत असतं. त्याच वेळी फोटो काढून कळवलं तर अर्ध्या तासाचं काम असतं.

तिसरं तुमचं, तेल बाहेर येणं. तेल आलं म्हणजे आत गुंडाळी जळून दाब वाढलाय, असंच धरून चालायचं. तिथे नवा फ्यूज टाकून चार्ज करणं धोक्याचं. आधी मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावून बघतात: वरच्या आणि खालच्या बाजूत, मग दोन्हींचा अर्थशी. शून्य आलं की ट्रान्सफॉर्मर उतरवायचा, दुसरा विचार नाही.

आणि खालच्या पेटीत काय घातलं होतं, ते बघितलं का कोणी? तारा घासल्या की शॉर्ट होतो, किटकॅटमधली तार वितळायला हवी. पण ती वारंवार जाते, गल्ली ओरडते, मग कोणीतरी जाड तार पिळून घालतो. मग फ्यूज जात नाही, ट्रान्सफॉर्मर जातो.

अरुणावती (शिरपूर)

इतकं खोलात जायची गरज नाही. कारण एकच, लोड. गल्लीत एसी वाढले, डीपी जुनीच. आमच्याकडे 100 केव्हीएची उडाली, आम्ही सह्यांचं निवेदन दिलं आणि 200 ची बसवून घेतली. तक्रारीत फक्त क्षमता वाढवा एवढंच लिहा, बाकी सगळं आपोआप होतं.

खांबावरचा माणूस

लोड हे कारण असतं, पण 'एकच' नाही. 100 केव्हीए म्हणजे खालच्या बाजूला प्रत्येक फेजवर साधारण 133 अँपिअर. रात्री नऊ-दहाला टाँग टेस्टरने तिन्ही फेज मोजून घ्या. तिन्ही 133 च्या वर असतील तर मोठा ट्रान्सफॉर्मर मागा. एकच वर असेल तर घरं दुसऱ्या फेजवर वळवायची, ते खांबावरचं काम आहे. आणि 200 चा बसवला तरी तारा तशाच ढिल्या राहिल्या, तर शॉर्टला मागून आणखी जोर मिळतो. तुमच्याकडे तारा बदलल्या का?

अरुणावती

तारा नाही बदलल्या. मागच्या आठवड्यात वाऱ्यात पुन्हा ठिणग्या दिसल्या, हे खरं आहे.

केळीवाला (रावेर तालुका)

आमच्या शेतातली डीपी जळाली तेव्हा आम्हाला कोणी मेगर-बिगर दाखवला नाही. "थकबाकी भरा, मग बघू." एका डीपीवर अनेक शेतकऱ्यांचे पंप, काहींनी भरलेली, काहींनी नाही. ज्याने भरलं त्याचीही केळी सुकते. मे महिन्यात केळीला पाणी नाही मिळालं तर घड पोसतच नाही. शेवटी आम्हीच वर्गणी काढून ट्रॅक्टरने जळका ट्रान्सफॉर्मर नेला आणि दुसरा आणला. गल्लीतल्या लोकांना निदान आवक शिक्का मिळतो. शेतातल्या डीपीची तक्रार कुठे द्यायची, हे कोणी सांगेल का?

बोरीकाठ

दादा, त्याच कक्ष कार्यालयात, पण सर्वांनी मिळून एक अर्ज देण्याऐवजी ज्यांचं बिल भरलेलं आहे त्यांनी आपापल्या ग्राहक क्रमांकाने आणि पावतीच्या प्रतीसह वेगवेगळे द्या. अर्ज वेगळा असला की भरलेल्याची तक्रार दुसऱ्याच्या थकबाकीत बुडत नाही. वाहतुकीचा खर्च तुमच्याकडून का घेतला, हेही लेखी विचारा.

भुसावळची गृहिणी

आमच्याकडे स्फोट नव्हता. डीपीवर चरचर आवाज, थोड्या ठिणग्या, आणि घरातली ट्यूब एकदम डोळे दिपतील इतकी तेज झाली. शेजारच्या ताईंकडे त्याच वेळी दिवा विझायला आलेला. टीव्हीतून धूर निघाला तेव्हा मी मेन स्विच पाडला. न्यूट्रल तुटली होती, असं वायरमन दादा म्हणाले. आमचा टीव्ही, शेजारी फ्रिज, वरच्या मजल्यावर इन्व्हर्टर, सगळं गेलं.

मी त्याच दिवशी अर्ज दिला: वेळ, कोणत्या घरात तेज आणि कोणत्या घरात मंद, जळालेल्या वस्तूंची यादी. दुरुस्तीवाल्याकडून "जास्त दाबामुळे बोर्ड जळाला" असं बिलावर लिहून घेतलं. शेजाऱ्यांनी वस्तू आधी दुरुस्त करून टाकल्या, मागून अर्ज दिला, त्यांच्याकडे दाखवायला काहीच उरलं नाही. माझं प्रकरण आता ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे आहे. तिथे विचारतात की न्यूट्रल तुटल्याची नोंद कार्यालयात आहे का. त्या दिवसाची नोंदवहीची प्रत मागितली आहे, अजून मिळालेली नाही.

पांझरा (धुळे)

ताई, इतकी धावपळ कशाला? 2021 चे कृती मानकांचे विनियम आहेत, मुदतीत लाईट आली नाही की भरपाई मिळते. त्यातच टीव्हीचे पैसे येतील.

भुसावळची गृहिणी

मी चौकशी केली होती भाऊ. ती भरपाई पुरवठा सुरू करायला उशीर झाला त्याची. आमची लाईट तर दोन तासांत आली होती. वस्तूंच्या नुकसानीचं वेगळं मांडावं लागलं. मिळेल की नाही, हे मंच ठरवेल.

सातपुडा (शहादा)

एकच सांगतो. आमच्या डीपीच्या तेलाने पेट घेतला तेव्हा लोक बादल्या घेऊन धावले. पेटलेल्या तेलावर पाणी टाकलं की तेल उडून आग पसरते, शिवाय वरून 11 हजारांची लाईन जिवंत. आधी सबस्टेशनला फोन करून फिडर बंद करायला लावला, मग वाळू टाकली. एका मुलाच्या हाताला भाजलं. विद्युत निरीक्षकांना कळवायला हवं, हे आम्हाला दवाखान्यात एकाने सांगितलं. अपघाताची माहिती त्यांना देण्याचं बंधन वीज कायद्याच्या कलम 161 प्रमाणे वीज कंपनीवर असतं, पण आम्ही आमच्याकडूनही अर्ज पाठवला. निरीक्षक येऊन पंचनामा करून गेले. त्या पंचनाम्याची प्रत मुलाच्या वडिलांना पुढे उपयोगी पडली.

बोरीकाठ

आमच्या प्रकरणात पुढे काय झालं ते लिहितो. सकाळी मेगर लावला, शून्य आला. संध्याकाळपर्यंत दुरुस्त केलेला दुसरा ट्रान्सफॉर्मर चढला. पेटी उघडली तेव्हा मी खाली उभा राहून फोटो काढले: तीनपैकी एका किटकॅटमध्ये बोटाएवढी जाड ॲल्युमिनियमची पिळलेली तार होती, तिची पोर्सिलीन काळी पडलेली. तो फोटो जोडून दुसरा अर्ज दिला. त्यानंतर खांबांमधल्या दोन गाळ्यांत तारा ओढल्या गेल्या आणि मध्ये प्लॅस्टिकचे स्पेसर लागले. काल वारा होता, ठिणगी नाही.

रात्री साडेनऊला अभियंता साहेबांनी स्वतः टाँग टेस्टर लावला: एका फेजवर 152, दुसऱ्यावर 91, तिसऱ्यावर 70. सरासरीने ट्रान्सफॉर्मर पुरेसा आहे, पण सगळा भार एका बाजूला. काही घरं तिसऱ्या फेजवर वळवू म्हणाले. ते काम बाकी आहे, आणि "तपासणीत काय आढळले" याचं लेखी उत्तरही. काका, घरं वळवल्यावर पुन्हा मोजणी कधी मागायची?

खांबावरचा माणूस

वळवली त्याच रात्री, त्याच वेळेला. दुपारचे आकडे घेऊ नका. आणि न्यूट्रलवरचा अँपिअरही लिहून घ्या, तिन्ही फेज सारखे होत आले की तो खाली आलेला दिसेल.