बाजारात दोनच कंपन्या, तरी दर खाली? नुसता धाक पुरतो का?

कोरडी_शाई: आमचे सर म्हणतात, बाजारात एक-दोनच कंपन्या असल्या तरी दर स्पर्धेतल्याइतके खाली राहू शकतात, कारण बाहेर कोणीतरी टपून बसलेलं असतं. मला पटत नाही. जो आलाच नाही त्याच्या भीतीने कोण नफा सोडेल?

तर्कट: सोडतात, पण किती सोडतात ते बघा. सोपं म्हणून एकच कंपनी धरू. दर १०० असला तर एकही नग खपत नाही, आणि दर एकाने उतरला की एक नग जास्त खपतो. नगामागे खर्च २०, शिवाय यंत्रं वगैरेंचा ठोक खर्च १००. भीती नसेल तर ती दर ६० ठेवते, ४० नग विकते, १५०० कमावते. दाराशी उभा असलेला हिशेब घालतो, "ही ४० नगांवरच राहिली तर मी २० नग काढीन, दर ४० वर येईल, ठोक खर्च जाऊन माझे ३०० सुटतील." म्हणजे तो येणारच. म्हणून कंपनी आधीच ६० नग काढते, दर ४० वर आणते. आता नव्याने जास्तीत जास्त १० काढले तर दर ३०, कमाई १००, ती ठोक खर्चातच जाते. तो फिरकत नाही. कंपनीला ११०० मिळतात. त्याला येऊ देऊन बाजार वाटून घेतला असता तर ६००च्या आसपास मिळाले असते.

हाफतिकीट: मग सर बरोबरच की. धाक आहे म्हणजे दर स्पर्धेतला.

तर्कट: नाही हो. ६० नगांना सरासरी खर्च २२ सुद्धा पडत नाही आणि दर ४० आहे. समोरच्याला अडवण्यापुरता उतरलाय, बस. सर म्हणतात तो दर बॉमोल, पान्झार आणि विलिग यांच्या १९८२ च्या मांडणीतला. तिथे ठोक खर्च बाहेर पडताना पूर्ण परत मिळतो, आणि जुनी कंपनी दर बदलायच्या आत नवा माणूस स्वस्तात विकून पसार होऊ शकतो. मग दर २५ ठेवला तरी कोणीतरी २४ ला विकून २०४ घेऊन जाईल. असं होत होत दर २१.२७ च्या आसपास थांबतो, तिथे दर आणि सरासरी खर्च एक होतात. कंपनी एकच असली तरी.

पुठ्ठेवाला: परत मिळतो म्हणे! मी पुठ्ठ्याच्या खोक्यांत उतरलो होतो. पहिल्याच आठवड्यात मोठ्या कंपनीने दर पाडले, तेही फक्त माझ्याकडे आलेल्या गिऱ्हाइकांना. आठ महिन्यांत बंद केलं. यंत्र निम्म्याला गेलं, साचे भंगारात, आणि गिऱ्हाईक जमवण्यात घातलेले महिने कोण विकत घेणार? असल्या कंपन्यांचे दर सरकारनेच बांधून द्यावेत.

तर्कट: तुमचं दुखणं खरं आहे, पण ती वेगळी गोष्ट. तुम्ही आल्यावर दर पाडले. इथे चाललंय ते कोणी येण्याआधीचं. मात्र तुमचे साचे भंगारात गेले, नेमका तिथेच बॉमोल यांचा बाजार मोडतो. जे बुडणार ते माणूस येण्याआधीच मोजतो.

उंच_झाड: विमानांचं उदाहरण याचसाठी द्यायचे. अमेरिकेत १९७८ मध्ये भाड्यावरचं नियंत्रण उठवायचा कायदा झाला, आणि विमान काय, एका मार्गावरून काढून दुसऱ्यावर घालता येतं. पण विमानतळावरच्या वेळा आणि नेहमीच्या प्रवाशांचे पॉइंट्स असे हलवता येत नाहीत. तरी धाक अगदीच पोकळ नव्हता. गुल्सबी आणि सिव्हरसन यांचा २००८ चा अभ्यास आहे. साउथवेस्ट ही स्वस्त भाड्याची विमान कंपनी एखाद्या मार्गाच्या दोन्ही टोकांच्या विमानतळांवर आली, मधला मार्ग अजून सुरू केला नव्हता, तरी जुन्या कंपन्यांनी भाडं उतरवलं. ती प्रत्यक्ष उडू लागल्यावर आणखी उतरलं. आता धाक पुरता असता तर हा दुसरा उतार कशाला लागला असता?

कोरडी_शाई: मला त्या ६० नगांचीच शंका आहे. समजा नवा घुसलाच आणि त्याने १० काढले. मग जुनीला ६० वर अडून राहणं तोट्याचं नाही का? मी मोडून पाहिलं, तिला ३५ सोयीचे पडतात.

तर्कट: पाहिलंत ते बरोबर आहे. नुसता दर खाली ठेवून भिंत उभी राहत नाही. अविनाश दीक्षित यांनी १९८० मध्ये हेच धरलं. क्षमता आधीच उभारून तिच्यात पैसा अडकवला असेल तर जादा नग काढायला तिला पुढे थोडाच खर्च पडतो, आणि मग ती मागे सरणार नाही हे समोरच्याला पटतं. मिलग्रॉम आणि रॉबर्ट्स वेगळं म्हणतात. नव्याला आतला खर्च दिसत नाही, तेव्हा खालचा दर म्हणजे "माझा खर्च कमी आहे" हा इशारा.

हाफतिकीट: म्हणजे इशारा खोटाही असू शकतो?

तर्कट: असू शकतो. पण खर्च जास्त असलेल्या कंपनीलाही परवडेल असा इशारा कोण मानणार? खरी कमी खर्चाची कंपनी दर एवढा खाली नेते की दुसरीला त्याची नक्कल महाग पडावी.

उंच_झाड: मला अजून 'दर बदलायच्या आत पसार' हेच खटकतंय. दर तासाभरात बदलतो, यंत्र बसवायला महिने लागतात.

तर्कट: मलाही. त्यांच्या बाजूने एकच म्हणता येतं, गिऱ्हाइकाशी वर्षभराचा करार आधी करा आणि यंत्र भाड्याने आणा.

पुठ्ठेवाला: वर्षभराचा करार? नव्या माणसाशी? मला तर तिघांनी चाचणीची ऑर्डरसुद्धा अर्धीच दिली होती.