अनुभव धागा: एका स्क्रीनवर दोन मॅच, नाहीतर मॅच आणि बातम्या. तुम्ही कसं जमवता?

तिरपागडा

मंडळी, 23 नोव्हेंबर 2024 चा शनिवार आठवतोय का? विधानसभेचा निकाल आणि पर्थ टेस्टचा दुसरा दिवस, दोन्ही एकाच सकाळी. मॅच 7.50 ला सुरू आणि मतमोजणी 8 ला. आणि मी कुठे, तर सांगलीला मामेबहिणीच्या साखरपुड्याला. हॉलमध्ये टीव्ही नाही, फक्त माझा फोन, तो पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला, एका कानात इअरफोन.

आधी मॅच छोट्या खिडकीत टाकली आणि मागे न्यूज चॅनेलचं ॲप उघडलं. न्यूज सुरू झाली की मॅच थांबायची, मॅचवर प्ले दाबलं की न्यूज थांबायची, असं चार-पाच वेळा झालं. बुमराने सकाळीच कॅरीला काढून पाच विकेट पूर्ण केल्या ती मला थेट दिसलीच नाही, तेव्हा पडद्यावर एक प्रवक्ता दुसऱ्याला बोलू देत नव्हता.

मग स्प्लिट स्क्रीन केलं. त्यात अडचण वेगळी. निकालाच्या दिवशी न्यूजवाले स्क्रीनच्या चारी बाजूंना आकडे लावतात, मधे अँकर खिडकीएवढा उरतो, आणि हे सगळं फोनच्या अर्ध्या भागात म्हणजे मुंग्या. शेवटी जे केलं ते सांगतो, दिवसभर तेच चाललं. व्हिडिओ एकच ठेवला, मॅचचा, वर उजव्या कोपऱ्यात. मागे ब्राउझरमध्ये निवडणूक आयोगाचं results.eci.gov.in उघडून आमच्या मतदारसंघाचं पान. ते नुसतं अक्षरांचं पान, आवाज नाही, त्यामुळे मॅच थांबायचा प्रश्नच नाही. त्या पानावर मोजणीच्या किती फेऱ्या झाल्या ते कळतं, आणि मधेच रिफ्रेश करायचं. सुरुवातीला पोस्टल मतं मोजतात म्हणून पहिल्या अर्ध्या तासात बघण्यासारखं काही नसतं, तेवढ्यात मॅच मोठी करून बघून घेतली. ऑस्ट्रेलिया 104 ला ऑल आउट, आणि नंतर जयस्वाल-राहुल खेळतच राहिले, दिवसअखेर बिनबाद 172. इकडे दुपारपर्यंत निकालाचं चित्रही स्पष्ट झालं होतं. जेवणाची पंगत मात्र मला अजिबात आठवत नाही, आणि बायको ते अजून काढते.

तर तुमचे अनुभव लिहा. फोन, टॅब, लॅपटॉप, टीव्ही, काहीही. फसलेले पण चालतील, खरं तर तेच जास्त हवेत.

रॅमवाला_राजा

तुमचा फोन जुना असेल. 4 जीबी रॅममध्ये दोन व्हिडिओ चालणारच नाहीत, एक ॲप मागे गेलं की मारलं जातं. 8 जीबीचा घ्या, सगळं एकदम स्मूद होतं. माझ्याकडे 12 आहे, मी दोन काय तीन चालवतो.

काडेपेटी

रॅमवाला राजे, रॅमने ॲप मागच्या मागे बंद होतं हे खरं, पण तिरपागड्यांचं ते दुखणं नाही. त्यांचं ॲप बंद झालं नव्हतं, थांबलं होतं, आणि प्ले दाबलं की तिथूनच सुरू व्हायचं. ॲप मेलं असतं तर पुन्हा लोगो आला असता. हा फरक बघितला की दुखणं कुठलं ते लगेच कळतं.

अँड्रॉइडमध्ये आवाजाचा हक्क साधारण एका वेळी एकाच ॲपकडे असतो. दुसऱ्याने मागितला की सिस्टीम पहिल्याला कळवते, आता तू सोड. नॅव्हिगेशनच्या बाईने बोलायला घेतलं की गाणं बारीक होतं ना, तोच प्रकार. व्हिडिओचं ॲप मात्र आवाज बारीक न करता सरळ पॉज होतं. म्हणून आधी न्यूज सुरू करून मग म्यूट करण्यात अर्थ नाही, तोपर्यंत हक्क गेलेला असतो. मी न्यूज ब्राउझरमध्ये लावतो आणि पान उघडल्यावर व्हिडिओ म्यूटवरच चालू होतो, तो तसाच राहू देतो. म्यूट असलेला व्हिडिओ आवाज मागत नाही, त्यामुळे मॅच चालू राहते. चुकून स्पीकरच्या चिन्हाला बोट लागलं की मॅच थांबली म्हणून समजा.

काही कंपन्यांच्या फोनमध्ये दोन ॲपचे आवाज एकत्र चालू द्यायची सोय सेटिंगमध्ये असते. मी ती वापरून बघितली आणि दहा मिनिटांत बंद केली. कॉमेंटेटर आणि अँकर एकदम ओरडायला लागले की दोघांचंही कळत नाही.

आणि छोटी खिडकी एका वेळी एकच मिळते. दुसरं ॲप खिडकीत टाकलं की पहिलं जातं. तेव्हा तीनचं गणित तुम्ही कसं जमवता ते सांगाच.

रॅमवाला_राजा

तिसरा टॅबवर असतो 😅 पण रॅम लागतेच.

सुमनकाकू_वाई

मला उलट विचारायचंय. नातू फोन घेऊन गेला की परत देताना ती छोटी मॅच स्क्रीनवर तशीच राहते. व्हॉट्सॲप उघडलं तरी वर तीच, मुलीला व्हिडिओ कॉल केला तर तिच्या तोंडावर विराट कोहली. ती घालवायची कशी?

काडेपेटी

काकू, बोटाने धरून तळाशी ओढत न्या, फुलीचं चिन्ह येईल त्यावर सोडा. कायमचीच नको असेल तर सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात स्पेशल ॲप ॲक्सेस, तिथे पिक्चर-इन-पिक्चर असेल, त्या ॲपपुढचं बटण बंद करा. नाव फोनप्रमाणे थोडं इकडेतिकडे असतं. नातू विचारेल, सांगू नका.

सुमनकाकू_वाई

गेली. आणि त्याने विचारलंसुद्धा.

रविवारची_मिसळ

8 ऑक्टोबर 2021. आयपीएलच्या साखळीतल्या शेवटच्या दोन मॅच एकाच वेळी, 7.30 ला, मुंबई-हैदराबाद अबुधाबीला आणि बेंगळुरू-दिल्ली दुबईला. मी मुंबईवाला, प्लेऑफला जायचं तर आम्हाला फार मोठ्या फरकाने जिंकायचं होतं. ईशान किशनने 32 चेंडूंत 84 केल्या, 235 झाल्या, म्हणजे हैदराबादला 64 मध्ये गुंडाळायचं, 171 रनांनी.

लॅपटॉपवर एक मॅच टॅबमध्ये मोठी आणि दुसरी छोट्या खिडकीत. हैदराबादने पहिल्या सहा ओव्हरमध्येच 65 पार केलं आणि आमचा विषय संपला, मग मुंबईची मॅच मी छोट्या खिडकीत टाकली आणि बेंगळुरूची मोठी केली. शेवटचा चेंडू, 5 हव्यात, श्रीकर भरत समोर, मी खुर्चीच्या टोकाला, आणि कोपऱ्यातल्या मुंबईच्या मॅचच्या पट्टीवर आलं की बेंगळुरू जिंकली! माझ्या मोठ्या खिडकीत आवेश खान अजून रनअपला जात होता. भरतने सिक्स मारला तेव्हा मी फक्त मान हलवली. छोट्या खिडकीने मोठीचा खून केला, दुसरं काय.

दोन्ही एकाच साइटवरून होत्या तरी एक पुढे होती. हे का होतं?

मडगावचो_मिडफिल्डर

मिसळ, दोन स्ट्रीम सारख्या उशिराने येत नाहीत, साइट एक असली तरी. प्रत्येक प्लेअर आपापल्यापरीने थोडा साठा भरून ठेवतो, नेट मधे अडखळलं की तेवढा मागे पडतो आणि मग मागेच राहतो. तुमची मोठी खिडकी कधीतरी गोल गोल फिरली असणार.

मी फुटबॉलवाला, आमच्यात हे नेहमीचं, वर्ल्ड कपच्या गटातल्या शेवटच्या मॅच एकाच वेळी असतात. 2 डिसेंबर 2022, कोरिया-पोर्तुगाल आणि घाना-उरुग्वे, आपल्याकडे रात्री 8.30. मी दोन्ही ब्राउझरमध्ये लावल्या. किकऑफच्या शिट्टीवरून जुळवत नाही, कारण दोन मैदानांत शिट्टी काही सेकंद मागेपुढे होऊ शकते. दोन्हीकडे लाइव्हचं बटण दाबतो, म्हणजे साठलेलं मागेपण जातं, आणि मग पहिल्या अर्ध्या तासात बघतो की एका मॅचमध्ये झालेला गोल दुसऱ्या मॅचच्या कॉमेंट्रीत किंवा पट्टीत कधी येतो. उरुग्वेने त्या हाफमध्ये दोन गोल केले, कोरियाच्या खिडकीत ते साधारण दहा सेकंद आधी कळले. म्हणजे कोरियाची खिडकी पुढे. ती दहा सेकंद पॉज केली, झालं. पुन्हा लाइव्ह दाबायचं नाही, नाहीतर केलेलं पाण्यात. हाफटाइमला एकदा परत तपासायचं, कारण मधे कुठलीतरी एक अडकलेली असतेच.

त्याचं फळ शेवटी मिळालं. ह्वांगने 91 व्या मिनिटाला गोल केला, कोरिया 2-1, आणि त्यांची मॅच आधी संपली. खेळाडू मैदानात रिंगण करून उभे, फोनवर दुसरी मॅच बघत! उरुग्वेला अजून एक गोल झाला असता तर कोरिया घरी. त्यांची दुसरी स्क्रीन आणि माझी दुसरी स्क्रीन एकच दाखवत होती. ते दहा सेकंद जुळवले नसते तर मी ती मजा घालवली असती.

स्वानकाठचा_पुणेकर

मी पर्थला राहतो आणि त्या 23 तारखेला स्टेडियममध्येच होतो, तेव्हा माझी छोटी खिडकी म्हणजे फोनवरच्या मराठी बातम्या आणि मोठी स्क्रीन म्हणजे समोर खरा जयस्वाल. (आमच्याकडे घड्याळ अडीच तास पुढे, मतमोजणी सुरू झाली तेव्हा इथे साडेदहा.) भावाला फोन लावलेला होता, तो पुण्यात ॲपवर बघत होता. मी म्हटलं सिक्स, आणि त्याला दिसेपर्यंत आम्ही दोघांनी मोजलं, 40 सेकंदांच्या आसपास. तो चिडून म्हणाला गप्प बस. पुढे मी फक्त निकाल विचारायचो, त्यात तो पुढे होता.

जुना_सोल्डर

टीव्ही रिपेअरिंगचं दुकान होतं माझं, कोल्हापुरात. ही चीज नवीन नाही मुलांनो. मोठ्या ट्यूबच्या टीव्हीच्या रिमोटवर पीआयपी बटण असायचं. केबलची वायर थेट टीव्हीत, सगळे चॅनेल त्या एका वायरीत एकदम यायचे, आणि टीव्हीत दोन ट्यूनर असले तर मोठ्यावर मॅच आणि कोपऱ्यात बातम्या. गिऱ्हाईक तक्रार घेऊन यायचं की कोपऱ्यात काळं दिसतं, तर त्याच्या टीव्हीत ट्यूनर एकच असायचा. मग मी व्हीसीआर मधे जोडून द्यायचो, व्हीसीआरचा ट्यूनर एका चॅनेलवर आणि टीव्हीचा दुसऱ्यावर.

सेट-टॉप बॉक्स आला आणि ते बटण मेलं. बॉक्समधून टीव्हीत एकच चॅनेल बाहेर येतो, मग दोन ट्यूनर असून करतात काय. लोक म्हणायचे टीव्ही बिघडला.

निवांत_नलू

मला हे सगळं वाचूनच दमायला झालं. आमच्याकडे टीव्हीवर मॅच आणि स्वयंपाकघरात रेडिओवर बातम्या. रेडिओ मागे पडत नाही हो.

जुना_सोल्डर

नलूताई, आणि बिघडला तर दुरुस्तही होतो.

काळा_चौकोन

माझं कोणी सोडवा. स्प्लिट स्क्रीनमध्ये पैसे भरलेल्या ॲपवरच्या दोन मॅच लावल्या की दुसऱ्याचा आवाज येतो पण चित्र काळं. दुसरीकडे मोफत न्यूज लावली तर दोन्ही दिसतात. आवाजाचा हक्क वगैरे नाही, कारण एक म्यूट आहे. रॅम 8 आहे, राजे.

काडेपेटी

काळा चौकोन, न्यूज दिसते आणि दुसरी पेड मॅच दिसत नाही म्हणजे मला कॉपी-संरक्षणाचा वास येतो. पेड व्हिडिओ फोनमधल्या सुरक्षित डिकोडरमधून जातो आणि काही फोनमध्ये तो एका वेळी एकच स्ट्रीम पेलतो, दुसऱ्याला आवाज मिळतो पण चित्र नाही. एक मॅच आधी पूर्ण बंद करून दुसरी एकटी लावून बघा, चित्र आलं तर तेच. दुसरी मॅच ब्राउझरमध्ये लावून बघा, तिथे कधीकधी कमी दर्जाचं पण चित्र येतं. तुमच्या फोनची खात्री मी देत नाही.

काळा_चौकोन

एकटी लावली की चित्र येतं. ब्राउझरमध्येही आलं, पण चेंडू दिसत नाही इतकं धूसर, आणि थोड्या वेळाने लिहून आलं की या खात्यावर एकाच डिव्हाइसवर बघता येईल. डिव्हाइस तर एकच आहे!

काडेपेटी

तुमचा प्लॅन एकाच स्क्रीनचा असणार. ॲप आणि ब्राउझर हे त्यांच्या हिशोबात दोन.

तिरपागडा

भारी चाललंय. मिडफिल्डर, तुमचं पॉजचं मी रविवारी करून बघतो. एक राहिलं, क्रिकेटचा स्कोअर खाली असतो आणि न्यूजची पट्टीही खाली, मग छोटी खिडकी तुम्ही ठेवता कुठे? मी वर उजवीकडे ठेवतो, तर चॅनेलचा लोगो आणि घड्याळ झाकलं जातं. फुटबॉलला स्कोअर वर डावीकडे, मग तिथे काय करता?

मडगावचो_मिडफिल्डर

खाली उजवीकडे. तिथे फक्त गवत असतं.