मदत हवी आहे: चार तासांची म्हणून दिलेली असाइनमेंट कुठे थांबवावी आणि निष्कर्ष कसे मांडावेत?

शुक्रतारा

नमस्कार. डेटा अ‍ॅनालिस्ट पदाच्या पहिल्या मुलाखतीनंतर मला घरी करण्यासाठी एक असाइनमेंट मिळाली आहे. ग्राहक, ऑर्डरी आणि परत आलेला माल अशा तीन सीएसव्ही फाइली आहेत आणि त्यांत 18 महिन्यांच्या नोंदी आहेत. प्रश्न एका वाक्याचा आहे: नवे ग्राहक दुसऱ्यांदा खरेदी करण्याचे प्रमाण अलीकडे घटलेले दिसते, त्याचे कारण शोधा आणि उपाय सुचवा. कामाला साधारण 4 तास लागावेत असे पत्रात म्हटले आहे, पण मुदत मात्र 7 दिवसांची आहे.

या दोन आकड्यांपैकी कोणता खरा मानावा हेच मला ठरवता येत नाही. 4 तासांत डेटा स्वच्छ करणे, विश्लेषण, आलेख आणि लेखन हे सगळे बसवायचे असेल तर बरेच काही सोडून द्यावे लागेल. आणि 7 दिवस घेतले तर डॅशबोर्ड आणि कोणता ग्राहक परत येईल याचा अंदाज बांधणारे मॉडेलही करता येईल. शिवाय उत्तर कोणत्या स्वरूपात द्यायचे तेही सांगितलेले नाही. ज्यांनी अशी कामे केली किंवा तपासली आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पानगळ

माझे स्पष्ट मत आहे की 7 दिवस पूर्ण वापरावेत. बाकीचे उमेदवार तेच करणार आहेत आणि तपासणाऱ्यासमोर शेवटी कामे शेजारी शेजारी ठेवली जातात. विश्लेषण अवघड नाही. प्रत्येक महिन्यात आलेल्या नव्या ग्राहकांपैकी आजवर किती टक्के परत आले ते काढा, त्याची रेष ओढा, घसरण लगेच दिसेल. उरलेला वेळ डॅशबोर्डवर घालवा, कारण पाहणाऱ्याच्या लक्षात तेच राहते.

रानवाटा

लिंक उघडल्यापासून 4 तासांचे घड्याळ सुरू होते का? माझ्या वेळी तसेच होते, कॅमेराही चालू ठेवावा लागला होता आणि मध्ये उठता आले नव्हते. त्यामुळे आधी जेवून घ्या आणि मगच लिंक उघडा.

शुक्रतारा

@रानवाटा, नाही, फाइली माझ्याकडे आल्या आहेत आणि घड्याळ कोणी लावलेले नाही. वेळेचे बंधन मलाच घालून घ्यायचे आहे, म्हणून तर प्रश्न पडला आहे.

तिसरा_प्रहर

मी गेली काही वर्षे अशा असाइनमेंट तपासतो आणि पुढच्या मुलाखतीत उमेदवाराशी त्यावर बोलतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

7 दिवस हे तुमची नोकरी आणि घर सांभाळून 4 तास काढता यावेत म्हणून दिलेले असतात, असे धरून चाला. पहिला अर्धा तास फाइली न उघडता प्रश्न वाचण्यात घालवा आणि त्याच दिवशी त्यांना एक छोटे पत्र पाठवा. त्यात दोनच प्रश्न असावेत: पहिल्या खरेदीनंतर किती दिवसांत झालेली खरेदी ‘दुसरी’ म्हणून मोजायची, आणि संपूर्ण परत आलेली ऑर्डर खरेदी म्हणून धरायची का. त्याखालीच लिहा की उत्तर मिळेपर्यंत मी 90 दिवस धरतो आहे आणि संपूर्ण परत आलेली ऑर्डर वगळतो आहे. असे लिहिले म्हणजे उत्तर आले नाही तरी काम अडत नाही, आणि उत्तर आले तर एक आकडा बदलून सगळे पुन्हा चालवता येते.

पुढचा एक तास डेटा तपासायला, दीड तास मुख्य विश्लेषणाला आणि शेवटचा एक तास लिहायला ठेवा. लिहिण्याचा तास आधीच बाजूला काढायचा असतो, कारण विश्लेषण कधीच आपण होऊन थांबत नाही. मी पाहिलेल्या कमकुवत कामांत बहुतेक वेळा गणित ठीक होते आणि ते शेवटच्या दहा मिनिटांत कसेबसे लिहून काढलेले होते.

डेटा तपासताना या कामातली एक ठरावीक अडचण आधी पाहून घ्या. एका ऑर्डरमधल्या वस्तू वेगवेगळ्या दिवशी परत आल्या असतील, तर परतीच्या फाइलमध्ये त्या ऑर्डरच्या अनेक ओळी असतील आणि फाइली जोडताच ऑर्डरींची संख्या फुगेल. मग एकदाच खरेदी केलेला ग्राहक दोनदा आल्यासारखा दिसू लागतो, म्हणजे ज्याबद्दल प्रश्न विचारला आहे तोच आकडा बिघडतो. जोडण्याआधीच्या आणि नंतरच्या ओळी मोजल्या की हे कळते:

```python
len(orders), len(orders.merge(returns, on="order_id", how="left"))
```

दोन आकडे वेगळे आले तर आधी परतीच्या नोंदी ऑर्डरनिहाय एकत्र करा आणि मगच जोडा.

आता @पानगळ यांच्या रेषेबद्दल. महिन्यानुसार गट पाडण्याची कल्पना बरोबर आहे, परंतु ‘आजवर किती परत आले’ असे मोजले तर रेष खाली येणारच, व्यवसायात काहीही घडलेले नसले तरी. पहिल्या महिन्यातल्या ग्राहकाला परत यायला जवळजवळ दीड वर्ष मिळाले आहे आणि शेवटच्या महिन्यातल्याला काही आठवडेच. म्हणून प्रत्येक ग्राहकाला पहिल्या खरेदीपासून सारखेच 90 दिवस द्या, आणि ज्यांचे 90 दिवस डेटा संपण्याआधी पूर्ण होत नाहीत ते शेवटचे तीन महिने हिशेबातून काढून टाका. प्रश्नात ‘दिसते’ असा शब्द आहे, तो मला मुद्दाम घातलेला वाटतो. ही घसरण मुळात आहे का, हे उमेदवार तपासतो की नाही, तेच त्यांना पाहायचे असावे.

मॉडेल करू नका. प्रश्न कारणाचा आहे, अंदाजाचा नाही. डॅशबोर्डही नको, कारण पुढच्या मुलाखतीत तुम्ही जोडलेल्या प्रत्येक गोष्टीवर प्रश्न येतात आणि घाईने केलेल्या जादा भागावर तुम्हाला सर्वांत कमी बोलता येते.

पानगळ

90 दिवसांचा मुद्दा मान्य आहे, माझ्या तो लक्षात आला नव्हता. पण इतर लोक 4 तासांत थांबत नाहीत हे वास्तव आहे, त्यावर तुम्ही काही बोलला नाहीत. ज्याच्याकडे मोकळा वेळ आहे त्याचे काम चांगलेच दिसणार.

तिसरा_प्रहर

ते नाकारत नाही. ज्यांच्यावर घरची जबाबदारी जास्त आहे त्यांच्यावर या पद्धतीत अन्याय होतो, आणि तो उमेदवाराने वेळेचे नियोजन करून दूर होण्यासारखा नाही. उमेदवाराच्या हातात एवढेच आहे की 4 तासांतले काम अर्धवट वाटू नये, तर ठरवून आखलेले वाटावे.

शुक्रतारा

सर्वांचे आभार. काम बरेच पुढे गेले आहे. मूळ आकडे इथे देणे योग्य नाही, म्हणून ते बदलून, पण स्वरूप तेच ठेवून लिहिते.

पत्राला उत्तर आले आणि 90 दिवस त्यांनी मान्य केले. आजवरच्या खरेद्या धरून मोजले तेव्हा पहिल्या महिन्याचे प्रमाण 41 टक्के आणि शेवटच्या महिन्याचे 6 टक्के दिसत होते. 90 दिवसांच्या मोजणीने बरेच महिने 24 टक्क्यांच्या आसपास स्थिर निघाले आणि हिशेबात धरलेल्या शेवटच्या तीन महिन्यांत ते 19 वर आले. म्हणजे घसरण आहे, पण 5 टक्केबिंदूंची आहे.

मग ग्राहक कोणत्या मार्गाने आला त्यानुसार वेगळे केले. पहिल्या खरेदीवर सवलत कूपन वापरलेल्यांमध्ये परत येण्याचे प्रमाण 12 टक्के आणि इतरांमध्ये 26 टक्के आहे, आणि ही दोन्ही प्रमाणे संपूर्ण काळात जवळपास तशीच राहिली आहेत. बदलला आहे तो कूपनवाल्यांचा वाटा: आधी तो 15 टक्के होता, आता 50 टक्के आहे. त्या वाट्यांनी सरासरी काढली तर आधीचे 24 आणि आताचे 19 हे दोन्ही आकडे जुळतात.

आता हे मांडायचे कसे? माझ्याकडे चौदा आलेख असलेली नोटबुक आहे. आणि कूपन बंद करा, असे सुचवणे योग्य ठरेल का?

तिसरा_प्रहर

काम उत्तम झाले आहे. दोन पानांचा लेखी अहवाल द्या आणि नोटबुक सोबत जोडा. नोटबुक हाच अहवाल म्हणून देऊ नका. पहिल्या परिच्छेदातच उत्तर सांगा, साधारण असे: ‘नव्या ग्राहकांचे 90 दिवसांत परत येण्याचे प्रमाण 24 वरून 19 टक्क्यांवर आले आहे. कूपनने आलेले आणि इतर, या दोन्ही गटांचे वर्तन बदललेले नाही. कूपनने येणाऱ्यांचा वाटा 15 वरून 50 टक्के झाल्याने एकूण सरासरी उतरली आहे.’ डेटा कसा स्वच्छ केला हे शेवटी सांगा, सुरुवातीला नाही.

चौदांपैकी दोनच आलेख अहवालात घ्या. एकात दोन्ही गटांच्या सपाट रेषा आणि त्यांच्यामध्ये खाली येणारी एकूण रेष असावी, दुसऱ्यात कूपनवाल्यांचा वाढता वाटा. आलेखाचे शीर्षक ‘महिन्यानुसार प्रमाण’ असे न ठेवता त्यातून काय दिसते ते वाक्यात लिहा, म्हणजे फक्त आलेख चाळणाऱ्यालाही तुमचे म्हणणे कळेल.

कूपन बंद करा असे लिहू नका. कूपन नसते तर हे ग्राहक आलेच नसते का, आणि एका कूपनचा खर्च किती, हे या तीन फाइलींतून कळत नाही. तुम्ही एवढेच सुचवू शकता की दोन गटांचे प्रमाण यापुढे वेगळे पाहावे, आणि काही नव्या ग्राहकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून, पहिल्या खरेदीऐवजी दुसऱ्या खरेदीवर कूपन देऊन पाहावे. 12 टक्क्यांचे 15 टक्के झाले तर ते खात्रीने दिसावे यासाठी प्रत्येक गटात साधारण 2,000 ग्राहक लागतील, तेही लिहा. तसेच कोणत्या गोष्टी वेळेअभावी केल्या नाहीत आणि आणखी एक दिवस मिळाला तर आधी काय कराल, हे चार ओळींत नोंदवा. पाठवण्याआधी सगळे एका रिकाम्या फोल्डरमध्ये उतरवून पहिल्यापासून चालवून पाहा. फाइलचा पत्ता तुमच्या संगणकापुरताच लिहिलेला असेल तर तो तिथेच उघड होतो.

शुक्रतारा

एक शेवटची शंका. पत्र, विश्लेषण आणि लेखन मिळून माझे 4 नव्हे, साधारण 6 तास होतील. ते अहवालात लिहावे का?

पानगळ

लिहू नका. कोणी विचारलेले नाही, आणि 6 तास वाचून तुम्ही संथ आहात असाच समज होईल.

तिसरा_प्रहर

मी असतो तर लिहिले असते. 6 तासांचे काम 4 तासांचे म्हणून वाचले गेले तर पुढच्या उमेदवारासाठी मापही चुकते. मात्र माझ्याबरोबर तपासणाऱ्या सहकाऱ्यांमध्येही यावर एकमत नाही. काहींना तो आकडा वाचायचाच नसतो, कारण त्याचा कामाच्या गुणांशी संबंध नाही असे त्यांना वाटते.

शुक्रतारा

मी तो लिहिणार आहे, पण आलेख मांडायला किती आणि विश्लेषणाला किती अशी विभागणी करून. अहवाल उद्या पाठवते. मुलाखतीत यावर काय विचारले गेले ते याच धाग्यात लिहीन.