मदत हवी आहे: क्रॉनमध्ये तारीख आणि वार दोन्ही दिले, तर जॉब रोज का चालतो?

निशाचर:
दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी ९ ला एक रिपोर्ट जायला हवा. पहिला सोमवार १ ते ७ तारखांमध्येच येतो, म्हणून क्रॉनटॅबमध्ये हे लिहिलं:

```
0 9 1-7 * 1 /opt/bin/report.sh
```

सप्टेंबर २०२५ मध्ये १ तारखेलाच सोमवार होता, त्यामुळे सगळं बरोबर वाटलं. पण २ तारखेलाही रिपोर्ट गेला, मग ३ लाही. ७ पर्यंत रोज गेला आणि पुढे ८, १५, २२, २९ ला. महिन्याभरात एकूण ११ वेळा! माझं काय चुकलं?

वेताळ:
सर्व्हरचा टाइमझोन बघा. माझा जॉब असाच भलत्या दिवशी चालायचा, झोन यूटीसी निघाला.

निशाचर:
वेळ बरोबर ९ चीच आहे, दिवस चुकतायत.

सोनचाफा:
तारीख आणि वार दोन्ही भरले की क्रॉन नेहमी 'किंवा' धरतो. १ ते ७ तारीख किंवा सोमवार. तुमचे ११ दिवस तेच आहेत.

जुना_खांब:
तुमच्या ओळीला हे लागू आहे, पण 'नेहमी' नाही. लिनक्सवरच्या नेहमीच्या क्रॉनमध्ये दोन्हींपैकी एक रकाना `*` ने सुरू होत असेल, तर दोन्ही अटी जुळाव्या लागतात. `0 9 */2 * 1` लिहिलंत तर फक्त विषम तारखेचे सोमवार मिळतात. त्याच जागी `1-31/2` लिहा, तारखा त्याच, पण आता सगळ्या विषम तारखा आणि शिवाय सगळे सोमवार. मला स्वतःला हा नियम फार घातक वाटतो, कारण ओळ वाचून तो कळतच नाही.

म्हणून वार क्रॉनकडे ठेवा आणि तारीख कमांडमध्ये तपासा:

```
0 9 * * 1 [ "$(date +\%d)" -le 7 ] && /opt/bin/report.sh
```

`%` च्या आधीचा `\` विसरू नका. क्रॉनटॅबमध्ये नुसता `%` म्हणजे नवी ओळ, कमांड तिथेच तुटते. टर्मिनलवर मात्र तीच कमांड `\` शिवाय नीट चालते, म्हणून चूक लवकर सापडत नाही.

अनघा_प:
आमच्या जावा अ‍ॅपमध्ये क्वार्ट्झ आहे. तिथे दोन्ही रकाने भरलेले चालतच नाहीत, एकात `?` लागतो. पहिल्या सोमवारसाठी `0 0 9 ? * 2#1` लिहितो. सुरुवातीचं शून्य सेकंदांचं, आणि तिथे रविवार १ असल्यामुळे सोमवार २.

निशाचर:
जुना_खांब, तुमची ओळ टाकली. दर सोमवारी ती तपासेल आणि ७ नंतर गप्प बसेल, हे पटलं. पण पुढच्या महिन्यात हा जॉब कंटेनरमध्ये हलवायचाय आणि तिथला क्रॉन वेगळा आहे. तिथेही चालेल ना?

जुना_खांब:
या ओळीत तारखेचा रकाना `*` आहे, त्यामुळे 'किंवा'चा प्रश्नच उरत नाही. `\%` चं मात्र तिथे आधी तपासा, सगळे क्रॉन `%` ला तसं वागवत नाहीत. दर मिनिटाला `date +\%d` फाइलमध्ये लिहिणारा छोटा जॉब लावा आणि काय उमटतं ते इथे सांगा.

सोनचाफा:
आणि महिन्याचा शेवटचा शुक्रवार हवा असेल तर? महिना ३० चा, ३१ चा की फेब्रुवारी, त्यावर ७ दिवसांची खिडकी सरकते.