मदत हवी आहे: पॅकेजचा ब्रेकअप मागायला हॉस्पिटलला पत्र कसं लिहू?

सिंहगडरोडकर
आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया पुण्यातल्याच एका हॉस्पिटलात झाली. कॅशलेस जमलं नाही, म्हणून पैसे भरून नंतर क्लेम टाकला. फायनल बिलावर एकच ओळ आहे: 'टीकेआर पॅकेज, सिंगल रूम, ५ दिवस, २,४०,०००'. आता विमा कंपनीतर्फे क्लेम तपासणाऱ्या टीपीएने पॅकेजचा तपशील मागितलाय. बिलिंगवाले म्हणतात, "पॅकेज म्हणजे पॅकेज, त्याची फोड नसते." पॉलिसी ५ लाखांची आहे, खोलीभाड्याची मर्यादा रोज ५,००० आणि आमची खोली ८,०००ची होती. पत्राचा मसुदा मिळेल का?

नाना_सदाशिव
घाबरू नका. नियमच आहे, ७२ तासांत कागद द्यावेच लागतात. तेवढं लिहा, धावत येतील.

मुग्धा_क्लेमडेस्क
नाना, ते ७२ तास वैद्यकीय नोंदींसाठी आहेत, म्हणजे केसपेपर वगैरे. बिलाला ते लावलं तर बिलिंगवाले लगेच तुमच्यावरच उलटवतील. तपशीलवार बिलाचा हक्क राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत आहे, तो लिहा.

आणि दादा, हा ब्रेकअप टीपीएपेक्षा तुम्हालाच जास्त हवाय. मर्यादा ५,०००, खोली ८,०००, म्हणजे ८,०००तले ३,००० मर्यादेबाहेर; त्याच प्रमाणात कंपनी बाकीच्या खर्चातूनही ३७.५ टक्के कापणार. फोड नसेल तर अख्ख्या २,४०,०००वर कापतील, म्हणजे ९०,००० गेले. पण इम्प्लांट, औषधं, कन्झ्युमेबल्स आणि तपासण्या यांना ही प्रमाणात कपात लावायची नसते. समजा इम्प्लांट ७५,०००, औषधं व कन्झ्युमेबल्स ४५,००० आणि तपासण्या १०,००० निघाल्या, तर उरलेल्या १,१०,०००वरच कपात होईल, म्हणजे ४१,२५०. हातमोज्यांसारख्या न देय वस्तू कापल्या जातील त्या वेगळ्या.

अनघा_कोथरूड
आमच्या बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी लेन्सचा स्टिकर मागितला होता. तुम्ही जनआरोग्य योजनेत का नाही गेलात? तिथे बिलाची कटकटच नसते.

सिंहगडरोडकर
अनघाताई, ऑपरेशन होऊन गेलं, पैसेही भरले. आता ते कसं होणार? स्टिकरचं मात्र बरं आठवलंत.

मुग्धा_क्लेमडेस्क
हे घ्या. साध्या कागदावर चालेल.

> प्रति, बिलिंग विभागप्रमुख
> विषय: फायनल बिलाचा बाबवार तपशील व पॅकेज ब्रेकअप मिळणेबाबत
>
> महोदय,
> माझी आई (आयपीडी क्र. …, बिल क्र. …, दि. …) आपल्याकडे दाखल होती. पॅकेजची रक्कम रु. २,४०,००० पूर्ण भरली असून पावत्या सोबत जोडल्या आहेत. विमा क्लेमसाठी या रकमेची पुढीलप्रमाणे विभागणी लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह द्यावी: खोलीभाडे (दर व दिवस), नर्सिंग, डॉक्टरांची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, इम्प्लांट, औषधे, कन्झ्युमेबल्स, तपासण्या. सोबत इम्प्लांटचे इनव्हॉइस व स्टिकर जोडावा.
> बेरीज मूळ बिलाशी जुळावी आणि बिल क्रमांक तोच राहावा. यांतील कोणते दर खोलीच्या वर्गानुसार बदलतात, तेही नमूद करावे.
> तपशीलवार बिल हा रुग्णहक्क सनदेतील हक्क आहे.
> आपला, …

दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह पोच घ्या. आणि 'नवीन बिल करून देतो' म्हणाले तर नको म्हणा. नंबर बदलला की पावत्या जुळत नाहीत आणि टीपीए नवी क्वेरी काढतो.

नाना_सदाशिव
वर्गानुसार दर कशाला विचारायचे? उगाच शंका येईल त्यांना.

मुग्धा_क्लेमडेस्क
कारण ज्या खर्चाचा दर जनरल आणि सिंगल दोन्हीत सारखाच असतो, त्यावरही कपात लावता येत नाही. हॉस्पिटलने लिहून दिलं तर ४१,२५०ही कमी होतील. पण पॅकेजवर 'सिंगल रूम' छापलंय, म्हणजे दर बहुधा वेगळेच असतील. फार आशा धरू नका.

सिंहगडरोडकर
पत्र दिलं, पोच मिळाली. ब्रेकअप द्यायला तयार झालेत, पण सर्जनची फी वेगळी दाखवणार नाहीत, थिएटरसोबत एकत्रच देतो म्हणतात. आणि रेटकार्ड 'अंतर्गत' आहे म्हणे.

मुग्धा_क्लेमडेस्क
सर्जन आणि थिएटर एकत्र चालतील, दोन्हीवर कपात लागणारच आहे. इम्प्लांट, औषधं आणि तपासण्या मात्र वेगळ्याच हव्यात, तिथे ऐकू नका. रेटकार्डाचं तोंडी नको, लेखी उत्तर मागा.

अनघा_कोथरूड
रेटकार्ड खरंच दाखवत नाहीत का कुठे? आमच्याकडे तर काउंटरवरच चिकटवलेलं होतं.